दुखत काहीच नाही, मग औषध कशाला?

*डॉक्टर, नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा, गेली अकरा वर्षं व्हर्जिनियात आहे. माझी बायको बोलिव्हियाची. कोचाबांबा शहराबाहेरच्या एका खेड्यात वाढली, कॉलेजसाठी अमेरिकेत आली. वय 33, वजन 58 किलो, तब्येत ठणठणीत. मागे ऑफिसच्या शिबिरात तिनं पहिल्यांदाच रक्तदान केलं. काही आठवड्यांनी पत्र आलं की तिची शागस रोगाची चाचणी पॉझिटिव्ह आहे, रक्त वापरलेलं नाही आणि यापुढे तिनं रक्त देऊ नये. ती म्हणते, "आमच्या निम्म्या गावाला हे असतं, कुणाला काही होत नाही." पण तिच्या आईला 56व्या वर्षी पेसमेकर बसलाय आणि एक मामा शेतात काम करता करता कोसळून गेला. आम्हाला चार वर्षांचा मुलगा आहे, दुसऱ्याचा विचार चालू आहे. बायकोला बद्धकोष्ठाचा त्रास आहे, पण तो लहानपणापासूनचाच असं ती सांगते. फॅमिली डॉक्टर म्हणाले, असा पेशंट मी कधी पाहिलेला नाही, लक्षणं नाहीत तर थांबून बघू. आई साताऱ्याहून विचारते की दुखत काहीच नाही तर औषध कशाला, आणि त्याच फोनवर हेही विचारते की सूनबाई दिवाळीला आली तर घरात सगळ्यांना लागण होईल का. आम्ही थांबावं का? मुलाचं काय? मलाही तपासून घ्यायला हवं का?*

थांबू नका. शागस हा लॅटिन अमेरिकेतल्या एका किड्यामार्फत अंगात शिरणाऱ्या परजीवीचा रोग आहे आणि तो वर्षानुवर्षं गप्प राहून हृदय पोखरू शकतो. मात्र आधी एक गोष्ट करून घ्या, कारण तुमच्या हातात आहे ते पत्र म्हणजे निदान नव्हे.

अमेरिकेतल्या रक्तपेढ्या 2007 पासून रक्तदात्यांची ही चाचणी करतात. एकही बाधित पिशवी सुटू नये म्हणून त्यांचं जाळं मुद्दाम बारीक विणलेलं असतं, आणि बारीक जाळ्यात नको ते मासेही येतात. ज्याचा लॅटिन अमेरिकेशी कधी संबंधच आला नाही अशा माणसाला हे पत्र आलं असतं, तर मी म्हटलं असतं की बहुधा चाचणीच चुकली. तुमच्या बायकोचं तसं नाही. शागसचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त बोलिव्हियात आहे आणि तिथेही कोचाबांबाचं खोरं त्यासाठी ओळखलं जातं. त्यात आईला पेसमेकर आणि मामाचा अचानक मृत्यू. चाचणी खरी निघण्याचीच शक्यता मोठी आहे. तरीही जुन्या संसर्गाचं निदान दोन वेगवेगळ्या पद्धतींच्या अँटीबॉडी चाचण्या जुळल्याशिवाय करत नाहीत. दोन्हींचे निकाल जुळले नाहीत तर तिसरी करतात. तुमच्या डॉक्टरांना राज्याच्या आरोग्य खात्यामार्फत रक्ताचा नमुना अटलांटाच्या सीडीसीकडे, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेकडे, पाठवता येईल, आणि सीडीसीच्या परजीवी-रोग विभागाशी फोनवर बोलताही येईल. हा विभाग डॉक्टरांना सल्ला देतो. असा पेशंट पाहिला नसल्याचं त्यांनी सरळ सांगितलं हे मला आवडलं. त्यापुढचं "थांबून बघू" मात्र आवडलं नाही.

या टप्प्यावर एक चूक हमखास होते. कुणीतरी पीसीआर चाचणी लिहून देतं, ती निगेटिव्ह येते आणि घरात पेढे वाटले जातात. पीसीआर रक्तात फिरणारा परजीवी शोधते. जुन्या संसर्गात तो रक्तात क्वचित आणि अगदी थोडा असतो, कारण त्याचा मुक्काम स्नायूंच्या पेशींत असतो. पीसीआर पॉझिटिव्ह आली तर तिला अर्थ आहे. निगेटिव्ह आली तर तिच्यावरून काहीच ठरत नाही.

आता हा परजीवी तिच्या अंगात शिरला कसा, ते सांगते. तुमच्या आईंना ते समजलं तर त्यांची अर्धी भीती तिथेच जाईल.

तिच्या गावाकडे ज्याला व्हिंचुका म्हणतात तो किडा ढेकणाचा लांबचा भाऊबंद आहे, पण आकारानं कितीतरी मोठा. पूर्ण वाढलेला किडा बोटाच्या एका पेरापेक्षा थोडा लांब भरतो. दिवसा तो मातीच्या विटांच्या भेगांत, गवताच्या छपरात, खाटेमागे लपतो आणि रात्री झोपलेल्या माणसाच्या उघड्या अंगावर, बहुतेक वेळा चेहऱ्यावर, उतरतो. त्याच्या चाव्यानं झोपही मोडत नाही. गंमत म्हणजे परजीवी त्याच्या सोंडेत नसतोच, तो असतो त्याच्या विष्ठेत. पोटभर रक्त प्यायलं की तो तिथेच, चाव्याच्या शेजारी, विष्ठा टाकतो. झोपेत माणूस खाजवतो, डोळा चोळतो, आणि विष्ठेतले परजीवी चाव्याच्या भोकातून किंवा डोळ्यातून आत जातात. असं एकदा झालं की संसर्ग होतोच असंही नाही. पण अशा घरात वर्षानुवर्षं झोपलेल्या मुलात शिरायच्या शेकडो संधी परजीवीला मिळतात, हे त्यामागचं गणित आहे. सासूबाईंना सहज विचारा, लहानपणी हिचा एक डोळा आठवडाभर सुजला होता का? एका पापणीची न दुखणारी सूज ही या रोगाची जुनी खूण आहे. पण ती थोड्यांनाच दिसते. बाकीच्यांना थोडा ताप येतो, जो कुठलाही ताप असू शकतो, आणि महिना-दोन महिन्यांत तोही ओसरतो. पुढे सगळं शांत.

ही शांतता शंभराहून जास्त वर्षं डॉक्टरांना चकवत आली आहे. 1909 साली ब्राझीलमध्ये रेल्वेच्या कामावरल्या मजुरांचा हिवताप आटोक्यात आणायला गेलेल्या कार्लोस शागस या डॉक्टरला तापानं फणफणलेल्या बेरेनिस नावाच्या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात हा परजीवी दिसला. माणसातला हा पहिला नोंदलेला रुग्ण. किडा, परजीवी आणि रोग असं तिन्ही एकाच माणसानं उलगडल्याचं उदाहरण वैद्यकात विरळाच. त्यानं परजीवीला आपले गुरू ओस्वाल्दो क्रुझ यांचं नाव दिलं: ट्रिपॅनोसोमा क्रुझी. बेरेनिसचं पुढे काय झालं? ती सत्तरी ओलांडेपर्यंत जगली. म्हातारपणीही तिच्या अंगात परजीवी सापडला, पण हृदय शाबूत होतं. तुमची बायको म्हणते ना, "कुणाला काही होत नाही", ती या बेरेनिसबद्दल बोलते आहे. तिचं म्हणणं खोटं नाही. बाधित माणसांपैकी साधारण दोन-तृतीयांशांना जन्मभर काही होत नाही. उरलेल्यांत तिची आई आणि, माझ्या अंदाजानं, तिचे मामा येतात. आणि 33व्या वर्षी कुठली बाई कुठल्या गटात जाईल हे सांगणारी चाचणी अजून कुणाकडे नाही.

त्या शांत वर्षांत आत काय चाललेलं असतं? परजीवी हृदयाच्या स्नायूपेशीत शिरतो, गोल होऊन आत वाढतो, पेशी फुटते, थोडे परजीवी शेजारच्या पेशीत जातात. शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना जवळपास दाबून ठेवते, पण पुरतं संपवू शकत नाही. दहा, वीस, तीस वर्षं ही कुरबुर चालू राहते आणि प्रत्येक चकमकीच्या जागी स्नायूऐवजी थोडा व्रण उरतो. हृदयात स्नायूंबरोबरच विजेचा संदेश नेणाऱ्या वाटाही असतात. बहुतेकदा व्रण आधी त्या वाटा अडवतो, हृदयाचा पंप त्यानंतर ढिला होतो. म्हणून पहिली खूण माणसाला जाणवत नाही, ती ईसीजीच्या कागदावर उमटते. उजव्या बाजूची वाट बंद, बरोबर डावीकडची पुढची फांदीही बंद, अशी जोडी बोलिव्हियातून आलेल्या तरुण माणसाच्या ईसीजीत दिसली की हृदयरोगतज्ज्ञाला शागस आठवायलाच हवा. पुढे ठोके संथ होतात आणि पेसमेकर लागतो, तिच्या आईसारखा. किंवा खालच्या कप्प्यातून ठोके बेफाम सुटतात आणि माणूस शेतात, बसच्या रांगेत, जेवताना कोसळतो. आणखी एक खोडी म्हणजे हृदयाचं टोक फुग्यासारखं बाहेर येतं, तिथे रक्ताची गुठळी साठते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. दम लागणं, पाय सुजणं हे शेवटी शेवटी येतं.

तेव्हा दोन चाचण्या जुळल्या की पुढची पायरी ईसीजी. साधा बारा लीडचा, आणि त्यासोबत एका लीडची 30 सेकंदांची लांब पट्टी, म्हणजे चुकार ठोके निसटत नाहीत. तिला एकच प्रश्न नीट विचारा: कधी भोवळ येऊन पडलीस का, किंवा छातीत एकदम धडधड होऊन डोळ्यांपुढे अंधारी आली का? तिचं उत्तर "हो" असेल किंवा ईसीजी बिघडलेला असेल तर इको आणि 24 तास ठोके नोंदणारा होल्टर लागेल. सगळं स्वच्छ असेल तर दर वर्षी एक ईसीजी. जन्मभर. हे मी उपचार घेतलेल्या माणसालाही सांगते. वाढदिवसाच्या महिन्यात करून टाका, म्हणजे विसरत नाही.

आता बद्धकोष्ठ. हा मुद्दा तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलात, मी तिथे थांबले.

हाच परजीवी अन्ननलिकेच्या आणि मोठ्या आतड्याच्या भिंतीत शिरतो तेव्हा खरं नुकसान तिथल्या चेतापेशींचं होतं. आतडं घास पुढे ढकलतं ते भिंतीतल्या चेतापेशींच्या जाळ्याच्या हुकमावर. त्या मेल्या की स्नायू असतो, पण कधी आवळायचं आणि कधी सैल सोडायचं हे त्याला सांगणारं कुणी उरत नाही. ब्राझीलमध्ये रिबेराव प्रेतो इथल्या कोबेर्ले नावाच्या विकृतिशास्त्रज्ञानं शवविच्छेदनात या पेशी अक्षरशः मोजल्या. अडचण दिसू लागते तोवर निम्म्याहून अधिक चेतापेशी गेलेल्या असतात, हे त्या मोजणीतून कळलं. म्हणजे आतड्यालाही शांत वर्षं असतात, नुसती शिल्लक उडवत काढलेली. शिल्लक संपली की अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडत नाही. घास छातीत अडकतो आणि प्रत्येक घासाबरोबर पाणी लागतं. ब्राझीलच्या खेड्यांत या "घास अडकण्याच्या रोगा"ला शागसच्या शोधाआधीपासून नाव होतं, कारण मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. मोठं आतडं रुंद आणि लांब होतं. शौचाला आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त होत नाही. आत मळ दगडासारखा साठतो आणि कधी आतड्याला पीळ पडून थेट शस्त्रक्रियेची वेळ येते. हृदयाच्या मानानं हे कमी दिसतं, बाधितांपैकी साधारण दहातल्या एकाला. पण बोलिव्हिया, ब्राझील, अर्जेंटिना, चिली या दक्षिणेकडच्या देशांत दिसतं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत क्वचितच, कारण तिथल्या परजीवीचं वाण वेगळं.

मग तिचं बद्धकोष्ठ यातलं का? "लहानपणापासून आहे" हे ऐकून मी थोडी निश्चिंत झाले, कारण शागसचं बद्धकोष्ठ मोठेपणी सुरू होऊन वर्षागणिक घट्ट होत जातं. दोन दिवसांआड होतं, इसबगोल आणि पाणी वाढवलं की सुधारतं, असं असेल तर ते तुमच्या-माझ्यासारखंच बद्धकोष्ठ आहे. पण अलीकडे मधले दिवस वाढलेत का, पोट एका बाजूला फुगतं का, एनिमाशिवाय भागत नाही असं झालंय का? आणि कोरडी भाकरी पाण्याशिवाय खाली उतरते का? यातलं काही असेल तर बेरियम देऊन एक्स-रे काढतात. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग 6.5 सेंटीमीटरहून रुंद भरला तर तो ताणलेला समजतात. त्यावर उपाय आहेत, पण परजीवी मारणाऱ्या औषधानं मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. पोटाची काहीच तक्रार नसताना मात्र हे एक्स-रे काढायला लावू नका. त्यातून हाती काही लागत नाही.

आईंचा पहिला प्रश्न रास्त आहे. बरीच वर्षं डॉक्टरही तेच म्हणत होते. मोठ्या माणसांच्या जुन्या संसर्गात औषध देऊन उपयोग काय, नुकसान तर प्रतिकारशक्तीच करते, असा समज होता. तो दोन अभ्यासांनी हलवला, आणि ते दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात. ब्युनोस आयरेसमध्ये 566 मोठ्या माणसांना बरीच वर्षं पाहत राहिले, त्याचे निष्कर्ष 2006 साली आले. औषध घेतलेल्यांत 4 टक्के लोकांचं हृदय पुढच्या टप्प्यात घसरलं, न घेतलेल्यांत 14 टक्के. कुणाला औषध द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, त्यामुळे हा पुरावा पोलादी नाही, पण दिशा दाखवतो. मग 2015 साली पाच देशांतल्या 2854 रुग्णांचा मोठा, चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास आला. त्यात हृदय आधीच बिघडलेल्यांना औषध दिलं. रक्तातला परजीवी घटला, पण हृदयाची घसरण थांबली नाही. काहींनी याचा अर्थ "औषध निकामी" असा लावला. मी तो असा लावते: भिंतीतली वाळवी मारून पडलेली भिंत उभी राहत नाही. तिच्या आईला आता या गोळ्यांचा फारसा लाभ नाही. तुमच्या बायकोला आहे, कारण तिच्या बाबतीत, ईसीजी चांगला निघाला तर, भिंत अजून उभी आहे.

पण मला सगळ्यात वजनदार वाटणारं कारण हृदय नाहीच. तुम्ही दुसऱ्या मुलाचा विचार करताय. बाधित आईकडून गर्भाला संसर्ग होण्याची शक्यता ढोबळमानानं शंभरात पाच. आईनं गर्भ राहण्याआधी उपचार घेतला तर पुढच्या बाळांत हा संसर्ग जवळपास आढळलाच नाही, असं एकाहून अधिक अभ्यासांत दिसलंय. आणि गरोदरपणात हे औषध देता येत नाही. त्यामुळे क्रम ठरलेला आहे: आधी गोळ्या, मग बाळ. आधीच दिवस गेले असतील तर घाबरण्यासारखं नाही, फक्त उपचार बाळंतपणानंतर होईल. म्हणून पहिली गोळी घेण्याआधी गर्भचाचणी करून घ्या आणि गोळ्या चालू असताना गर्भनिरोधक वापरा.

औषधाचं नाव बेंझनिडाझोल. किलोमागे दिवसाला 5 ते 7 मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून, 60 दिवस. 58 किलोला पाचनं गुणलं तर 290, म्हणजे दिवसाला 300 मिलिग्रॅम. गोळी 100 मिलिग्रॅमची असते, म्हणजे सकाळी जेवून दीड आणि रात्री जेवून दीड, एकूण 180 गोळ्या. हा हिशोब तुम्हाला अंदाज यावा म्हणून मांडला. नेमका डोस लिहिणार तिचे संसर्गरोगतज्ज्ञ. अमेरिकेत या औषधाला 2017 साली मान्यता मिळाली ती 2 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी. मोठ्यांना तज्ज्ञ स्वतःच्या अखत्यारीत लिहून देतात, आणि तसं ते नेहमी देतात. विमा कंपनीनं पहिल्यांदा नाही म्हटलं तर दचकू नका, डॉक्टरांकडून पत्र जोडून पुन्हा पाठवा. मूल होण्याच्या वयातल्या बायकांना उपचार द्यावा असं तज्ज्ञ स्पष्ट सांगतात, त्याचा पत्रात उल्लेख करायला सांगा.

औषध सोपं नाही, हे आधीच सांगते. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास अंगावर पुरळ उठण्याचा मोठा संभव असतो. खाज, लाल चट्टे. बहुतेकदा ॲलर्जीच्या गोळ्यांवर भागतं. पुरळाबरोबर ताप आला, तोंडात फोड आले किंवा कातडी सुटू लागली तर त्याच क्षणी गोळी बंद आणि डॉक्टरांना फोन. शेवटच्या आठवड्यांत पायांच्या तळव्यांना मुंग्या किंवा जळजळ सुरू होऊ शकते. ही अंगावर काढू नका, कारण औषध रेटलं तर ती महिनोन्महिने टिकते. मधेमधे, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, रक्तातल्या पेशी आणि यकृत तपासतात. दारू पूर्ण बंद, वाइनचा एक ग्लाससुद्धा नको. माझा एक आग्रह असा की पहिल्या गोळीची तारीख अशी धरा की पुढचे तीन आठवडे घरात लग्न, परीक्षा, प्रवास काही नसेल. दिवाळीचं साताऱ्याचं तिकीट काढलं असेल तर त्याच्या आधी 60 दिवस संपवा, नाहीतर येऊन सुरू करा. पुरळ साताऱ्यात उठलं तर हे औषध माहीत असलेला डॉक्टर शोधण्यात सुट्टी जाईल.

बोलिव्हियातल्याच रुग्णांवर 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत फक्त दोन आठवड्यांच्या कोर्सनंही बहुतेकांच्या रक्तात वर्षभर परजीवी दिसला नाही. बातमी चांगली आहे, आणि तिला चौथ्या आठवड्यात गोळ्या सोसल्याच नाहीत तर तिचा आधार वाटेल. पण ती चाचणी लहान होती. आज लिहून देतात तो कोर्स 60 दिवसांचाच.

कोर्स संपला की तुम्ही एक गोष्ट करणार, मला ठाऊक आहे: पुन्हा अँटीबॉडी चाचणी. ती पॉझिटिव्हच येईल. मोठेपणी उपचार घेतलेल्यांच्या अँटीबॉडी उतरायला वर्षं, कधी दशकं लागतात. त्यावरून औषध फुकट गेलं असं ठरत नाही आणि पुन्हा कोर्सही लागत नाही. खरं सांगायचं तर मोठ्या माणसात "पूर्ण बरी झाली" असा शिक्का मारणारी चाचणीच नाही, म्हणून तर दर वर्षीचा ईसीजी.

मुलाची तपासणी याच आठवड्यात करा. तो अमेरिकेत जन्मला, तिथे गरोदरपणी ही तपासणी सरसकट होत नाही, त्यामुळे त्याच्याकडे कुणी या नजरेनं पाहिलंच नसणार. आईकडून आलेल्या अँटीबॉडी पहिल्या वर्षाच्या आसपास निघून जातात, म्हणून चार वर्षांच्या मुलात ही चाचणी सरळ वाचता येते. पॉझिटिव्ह म्हणजे त्याचा स्वतःचा संसर्ग. तो निघाला तर त्याच्या वयाला औषध मान्यताप्राप्त आहे, मुलांना ते मोठ्यांपेक्षा कितीतरी चांगलं सोसतं आणि लागूही पडतं. निगेटिव्ह आली तर विषय संपला, दर वर्षी तपासत बसू नका.

दुसरं बाळ आलं की मात्र जन्माच्या दिवशीच नवजात-तज्ज्ञांच्या कानावर घाला, आईनं उपचार घेतलेला असला तरी. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत बाळाच्या रक्तात थेट परजीवी शोधतात, सूक्ष्मदर्शकातून आणि पीसीआरनं. या वयात पीसीआर उपयोगी पडते. तेव्हा काही दिसलं नाही तर साधारण 10 महिन्यांनंतर अँटीबॉडी पाहतात. पहिल्या वर्षात उपचार मिळालेली नव्वद टक्क्यांहून जास्त बाळं पूर्ण बरी होतात. अंगावर पाजायला हरकत नाही, फक्त स्तनाग्र चिरून रक्त येत असेल तर ते भरेपर्यंत त्या बाजूनं पाजू नये.

तुम्हाला तपासायची गरज नाही. एकत्र जेवण, एक ताट, खोकला, मिठी, एकच संडास, यातून हा रोग जात नाही. आईंना सांगा की सुनेला वेगळा पेला ठेवलात तर मी साताऱ्याला फोन करीन. आपल्याकडचे ढेकूण तिला चावून मग घरच्यांना चावले तर, हा पुढचा प्रश्न येईलच. हा परजीवी पसरवायला व्हिंचुकाच्या कुळातलेच किडे लागतात. त्या कुळातली एक जात भारतातही सापडते, पण शागसचा स्थानिक फैलाव इथे आढळलेला नाही. कुणी इंटरनेटवर शोधून "2004 साली चंद्रपूरच्या शेतकऱ्याला ट्रिपॅनोसोमा झाला होता" असं दाखवलं, तर ते खरं आहे, पण तो याचा चुलतभाऊ: जनावरांना सर्रा रोग करणारा, चावऱ्या माश्यांनी पसरणारा. त्या माणसाच्या रक्तात एक संरक्षक प्रथिन नव्हतं म्हणून त्याला तो झाला, आणि औषधानं तो बरा झाला. तुमच्या बायकोशी त्याचा संबंध नाही.

साताऱ्यात एकच खबरदारी घ्या. गावात रक्तदान शिबिर असलं आणि सूनबाईंनी हौसेनं नाव दिलं तर अडवा. आपल्याकडच्या रक्तपेढ्या ही तपासणी करत नाहीत, आणि किडा जे करू शकत नाही ते रक्ताची पिशवी करू शकते. उपचारानंतरही रक्त द्यायचं नाही. तसंच पुढे कधी तिला संधिवातासाठी स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं कुठलंही औषध सुरू होणार असेल, तर त्या डॉक्टरला आधी शागसबद्दल सांगायचं. दाबून ठेवलेला परजीवी अशा वेळी उसळतो.

राहिली तिची भावंडं. जी त्या मातीच्या घरात वाढली ती सगळी, आज कुठेही असोत, एकदा तपासली पाहिजेत, विशेषतः बहिणी. हा फोन तुम्ही करू नका, तिला करू दे. मामाचं नाव तिथे कसं काढायचं ते तिला तुमच्या-माझ्याहून चांगलं कळतं.